तळटीप १४ : थिन कॅपिटलायझेशन
१४. थिन कॅपिटलायझेशन : नाममात्र भांडवल आणि बाकी सारा पैसा मालकांचेच कर्ज, अशी कंपनीची रचना. व्याज खर्चात पडते आणि करपात्र नफा घटतो. इथला संदर्भ मालवणच्या उत्तरेकडील दाभोळचा. तिथल्या इंधन-जेटीसाठी स्थापलेल्या 'बेसिक्स किअर दाभोळ' या बेल्जियन कंपनीवर भागधारकांचे कर्ज भांडवलाच्या २४८ पट होते. तरीही मुंबईच्या प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१० मध्ये व्याजाची वजावट मान्य केली. रोखणारा नियमच कायद्यात नव्हता. तो २०१७ मध्ये आला (कलम ९४-ब). परदेशातील संबंधित कंपनीला वर्षाला एक कोटीहून अधिक व्याज दिले, तर व्याज, कर व घसाऱ्यापूर्वीच्या नफ्याच्या ३० टक्क्यांपर्यंतच वजावट मिळते. असा नफा १० कोटी आणि व्याज ५ कोटी असेल, तर ३ कोटी वजा होतात. उरलेले २ कोटी पुढील आठ वर्षांत, त्याच मर्यादेत, मागता येतात.