तारखेचा रकाना

नांदेड किंवा लातूरच्या कोणत्याही उपकेंद्रात बाळाचे लसीकरण कार्ड पाहा. त्यावर वय, लस आणि मात्रा छापलेल्या असतात. शेवटचा रकाना मात्र कोरा असतो, कारण लस दिल्याची तारीख तिथे हाताने भरायची असते. हा रकाना आला कुठून?

देवीच्या काळात त्याची फारशी गरज नव्हती. देवी काढल्याचा वण दंडावर कायमचा राही आणि तोच दाखला ठरे. 1975 नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. 1978 मध्ये देशात विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. त्यातील बीसीजीचा वण बहुधा दिसतो. पण घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या त्रिगुणी लसीची खूण अंगावर राहत नाही. शिवाय तिच्या तीन मात्रा. कितवी झाली, हे दंड सांगत नाही, कागदच सांगतो.

या मात्रांची वयेही विचारपूर्वक ठरली. डांग्या खोकला अगदी लहान बाळांना सर्वांत घातक असतो, म्हणून सुरुवात लवकर हवी. जागतिक आरोग्य संघटनेने 1984 मध्ये 6, 10 आणि 14 आठवडे हे वेळापत्रक सुचवले. दोन मात्रांत किमान चार आठवडे हवेत. त्याआधी दिलेल्या मात्रेला शरीराचा प्रतिसाद कमी पडतो.

आता एक काल्पनिक उदाहरण पाहू. मुखेड तालुक्यात 10 ऑगस्टला बाळ जन्मले. तक्त्याप्रमाणे त्याच्या मात्रा 21 सप्टेंबर, 19 ऑक्टोबर आणि 16 नोव्हेंबरला येतात. पण पहिली मात्रा 5 ऑक्टोबरला मिळाली आणि लगेच आईवडील ऊसतोडीला गेले. दुसरी केव्हा द्यायची? छापील वय धरले तर 19 ऑक्टोबर येते, म्हणजे अंतर फक्त दोन आठवडे. ती चूक ठरेल. भरलेल्या तारखेपासून मोजले तर दुसरी 2 नोव्हेंबरला आणि तिसरी 30 नोव्हेंबरला येते. दुसरी मात्रा जानेवारीपर्यंत लांबली, तरी पहिली वाया जात नाही. पुढची मात्रा द्यायची, सुरुवात पुन्हा करायची नाही. कार्ड सोबत असेल तर कारखान्याच्या गावची परिचारिकाही हा हिशेब करू शकते. कार्ड घरी राहिले, तर आईच्या आठवणीवर भागवावे लागते.

गोवराची ओळ मात्र जन्मतारखेशी बांधलेली आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळात असेपर्यंत लसीतील विषाणू नीट वाढू शकत नाही. फार थांबले तर त्याआधीच गोवर गाठतो. नऊ महिने ही त्यातील तडजोड. या वयात दर शंभरांतील सुमारे 15 बाळांत पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही. म्हणून 16 ते 24 महिन्यांत दुसरी मात्रा असते.

सगळ्याच ओळी मात्र थांबत नाहीत. जन्मावेळची पोलिओची मात्रा पहिल्या 15 दिवसांतच द्यायची असते आणि बीसीजी वर्षाच्या आत.

वर्गात एखादे जुने कार्ड आणून विद्यार्थ्यांना दोन तारखांमधले दिवस मोजायला सांगा. 28 पेक्षा कमी आले, तर तिथे कोणीतरी छापील वय वाचले आणि शेवटचा रकाना वाचायचे राहून गेले.