विहीर असो की इसापूर धरण, 10 मीटरवर दाब सारखाच

पैनगंगेवरचं इसापूर धरण केवढं, आणि पुसदकडची शेतातली विहीर केवढी! तरी दोन्हीत 10 मीटर खाली पाण्याचा दाब सारखाच. पाणी किती पसरलंय ते सोडा, वर किती उंच उभंय तेच मोजायचं:

P = hρg = 10 × 1000 × 9.8 = 98,000 Pa

(वरच्या हवेचा दाब यात धरलेला नाही.)

मोजून बघायचंय? पारदर्शक नळी U आकारात वाकवून निम्मी पाण्यानं भरा. दोन्ही बाजूंची पातळी सारखी नसेल, तर आत बुडबुडा अडकलाय. आधी तो काढा. आता एका टोकाला लांब नळी जोडून तिचं तोंड बादलीत 20 सेंमी खोल धरा. एक बाजू 10 सेंमी उतरते, दुसरी 10 सेंमी चढते. बरेच जण 10 लिहून मोकळे होतात. खरं वाचन म्हणजे दोन्हींतला फरक, 20 सेंमी. नळीच्या तोंडात थोडं पाणी शिरतं, म्हणून खोली त्या आतल्या पातळीपर्यंत मोजा.

हायड्रॉलिक लिफ्टमध्ये तेल बंद असतं, आणि दिलेला दाब सगळीकडे तेवढाच पोचतो. 5 चौ. सेंमीच्या पिस्टनवर 100 न्यूटन लावले, तर 100 चौ. सेंमीचा पिस्टन 2000 न्यूटननं उचलतो. फुकट मात्र नाही: लहान पिस्टन 20 सेंमी दाबला, की मोठा जेमतेम 1 सेंमी वर जातो. म्हणूनच गॅरेजवाला जॅकचा दांडा इतक्या वेळा खालीवर करतो.