शीर्ष निर्देशांक

शीर्ष निर्देशांक म्हणजे डोक्याच्या किंवा कवटीच्या महत्तम रुंदीचे महत्तम लांबीशी असलेले शेकडा प्रमाण होय. स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी १८४० च्या दशकात हे माप रूढ केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मानवसमूहांचे 'वंश' ठरविण्यासाठी आणि त्यांची श्रेष्ठ-कनिष्ठ अशी उतरंड लावण्यासाठी त्याचा व्यापक वापर झाला. ब्रिटिश भारतात हर्बर्ट होप रिझ्ली यांनी याच मापाच्या आधारे मराठी भाषक प्रदेशातील लोकांना 'सिथो-द्राविड' असे नाव दिले. हे वर्गीकरण पुढे त्याज्य ठरले.

== मापनपद्धती ==

लांबी भुवयांमधील उंचवट्यापासून डोक्याच्या मागील सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत, तर रुंदी कानांच्या वरच्या भागात, जेथे ती सर्वाधिक भरेल तेथे, वक्र भुजांच्या कॅलिपरने मोजतात.

: शीर्ष निर्देशांक = (रुंदी ÷ लांबी) × १००

साधारणपणे ७५ पेक्षा कमी निर्देशांकाच्या कवटीस दीर्घशिरस्क, ७५ ते ८० मधील कवटीस मध्यमशिरस्क आणि त्याहून अधिक असल्यास पृथुशिरस्क म्हणतात. जिवंत माणसाच्या डोक्यावर त्वचा व स्नायू असल्याने त्याचा निर्देशांक कोरड्या कवटीपेक्षा थोडा जास्त येतो. त्यामुळे दोन्ही प्रकारची मापे एकाच तक्त्यात मांडता येत नाहीत.

हा निर्देशांक आकार दर्शवितो, आकारमान नव्हे. १८० मिमी लांब व १३५ मिमी रुंद डोके आणि २०० मिमी लांब व १५० मिमी रुंद डोके या दोहोंचा निर्देशांक ७५ च येतो. उंचीही त्याच प्रमाणात असल्यास दुसऱ्याचे घनफळ पहिल्यापेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी जास्त असते. तसेच १८४ मिमी लांबी व १४२ मिमी रुंदीचा निर्देशांक ७७.२ येतो, पण रुंदी मोजताना केवळ ३ मिमीची चूक झाली तर तो ७८.८ होतो.

== समूहांची उतरंड ==

कवटीच्या मापांवरून क्रम लावण्याचा प्रघात निर्देशांकापूर्वीच सुरू झाला होता. फिलाडेल्फियाचे वैद्य सॅम्युएल जॉर्ज मॉर्टन कवटीच्या पोकळीत पांढरी मोहरी, व पुढे शिशाचे छर्रे, भरून तिचे घनफळ काढीत. १८३९ च्या ग्रंथात त्यांनी 'कॉकेशियन' गटाची सरासरी सर्वांत मोठी दाखविली. त्यांच्याजवळच्या १७ हिंदू कवट्यांची सरासरी मात्र ७५ घन इंच इतकीच भरत होती. हिंदूंच्या कवट्या लहान असतात हे कारण देऊन त्यांनी त्यांपैकी केवळ तीनच कवट्या या गटात धरल्या. मापे बरोबर असली तरी कोणाला गटात घ्यायचे हे निष्कर्षाकडे पाहून ठरविले, तर सरासरी हवी तशी येते. शिवाय घनफळ हे शरीराच्या एकूण बांध्यानुसार आणि नमुन्यातील स्त्री-पुरुषांच्या प्रमाणानुसार बदलते. त्यावरून बुद्धीचे अनुमान काढण्यास आधार नव्हता.

== रिझ्ली यांचे वर्गीकरण आणि वऱ्हाड ==

बंगालमध्ये नोकरीस असलेल्या रिझ्ली यांनी १८८६ पासून जातींची शारीरिक मापे जमविली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त म्हणून त्यांनी भारतीयांचे सात शारीरिक प्रकार मांडले. १९०८ च्या 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथात हीच मांडणी विस्ताराने आली. तीनुसार महाराष्ट्रातील ब्राह्मण, कुणबी व कूर्गचे लोक 'सिथो-द्राविड' ठरले, तर मध्य प्रांतातील डोंगरी जमाती 'द्राविड' प्रकारात गेल्या. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या काळ्या रानातील कुणबी एका वंशाचे आणि मेळघाटातील गोंड व कोरकू दुसऱ्या वंशाचे मानले गेले.

पश्चिम भारतातील डोकी उत्तर भारतापेक्षा रुंद भरतात, एवढेच निरीक्षण 'सिथो-द्राविड' या नावामागे होते. ही रुंदी मध्य आशियातून आलेल्या शकांकडून आली, असे रिझ्ली यांनी गृहीत धरले. मराठ्यांच्या गनिमी काव्यातही त्यांना शकांचा वारसा दिसला. परंतु शक सत्ता मुख्यतः गुजरात, माळवा व पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत होती. कूर्गपर्यंत त्यांनी लोकवस्ती केल्याचा पुरावा नाही. निर्देशांकातील फरक स्पष्ट करण्यासाठी स्थलांतर मानले गेले आणि त्या स्थलांतराचा पुरावा म्हणून पुन्हा निर्देशांकाकडेच बोट दाखविले गेले.

'द्राविड' या प्रकारातही असाच दोष होता. ते नाव भाषाकुलाचे आहे. गोंडी ही द्राविड भाषा आहे, पण शेजारच्या कोरकूंची भाषा मुंडा गटातील आहे. भाषेचे नाव शरीराच्या प्रकारास दिल्याने दोन वेगळ्या वारशांचे लोक एका 'वंशात' मोडले.

जातींच्या क्रमासाठी रिझ्ली यांनी नासिका निर्देशांक, म्हणजे नाकाची रुंदी व उंची यांचे प्रमाण, वापरला. जातीचा सामाजिक दर्जा नाकाच्या रुंदीच्या उलट प्रमाणात असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये दाखविले की, हा नियम गंगेच्या खोऱ्यातील काही भागाबाहेर, विशेषतः महाराष्ट्रात, लागू पडत नाही. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात मानवमितीचीच आकडेवारी घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे असल्याचे मत खोडून काढले. त्यांच्या युक्तिवादानुसार नाकाच्या मापावरून वंश ठरत असेल, तर हे दोन्ही समाज एकाच वंशाचे ठरतात.

== निर्देशांकाची अस्थिरता ==

डोक्याचा आकार पिढ्यानपिढ्या स्थिर राहतो, हे या पद्धतीचे मूळ गृहीतक होते. फ्रान्त्स बोआस यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या सुमारे १८,००० स्थलांतरितांची व त्यांच्या वंशजांची मापे घेतली. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचा निर्देशांक परदेशात जन्मलेल्यांपेक्षा वेगळा आढळला. २००२-०३ मध्ये या आकडेवारीची पुनर्तपासणी झाली. बदलाच्या प्रमाणाविषयी मतभेद झाले, तरी परिसराचा परिणाम होतो ही बाब टिकली.

तान्हे मूल सतत उताणे झोपल्यास डोक्याची मागील बाजू चपटी होऊन निर्देशांक वाढतो. महाराष्ट्रात डोके गोल व्हावे म्हणून बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी ठेवतात, त्यामागे हाच अनुभव आहे. बाळाला झोपविण्याच्या रीतीने बदलणारे माप वंशाची खूण ठरू शकत नाही.

== इरावती कर्वे यांचे संशोधन ==

इरावती कर्वे यांनी बर्लिनमधील कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली मानवी कवटीच्या विषमतेवर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंतील फरकावर, प्रबंध लिहिला. त्यांना १९३० मध्ये पदवी मिळाली. युरोपीय कवट्या अधिक विषम असतात व ती श्रेष्ठतेची खूण आहे, असा फिशर यांचा कयास होता. कर्वे यांनी १४९ कवट्या तपासल्या. विषमता आणि वंश यांचा संबंध त्यांना आढळला नाही, आणि तसा निष्कर्ष त्यांनी मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध नोंदविला.

पुढे डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रातील मानवमितीचा अभ्यास १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. १९६८ मध्ये त्यांनी के. सी. मल्होत्रा यांच्यासह महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली. समान दर्जाच्या या पोटजातींमध्येही जैविक फरक आढळले. म्हणजे 'ब्राह्मण' या नावाखाली एकच शारीरिक प्रकार नव्हता.

== सद्यकालीन वापर ==

वंशनिश्चितीसाठी शीर्ष निर्देशांक आता वापरला जात नाही. गर्भाच्या सोनोग्राफीत डोक्याचा आकार पाहण्यासाठी आणि अर्भकांतील चपटेपणा किंवा कवटीचे सांधे अकाली जुळण्याचा विकार तपासण्यासाठी तो उपयुक्त आहे. तेथे तो एका बालकाच्या डोक्याचे वर्णन करतो, समूहाचा दर्जा ठरवीत नाही.

== हे सुद्धा पहा ==

* मानवमिती
* इरावती कर्वे
* कोरकू
* मेळघाट
* वऱ्हाड

वर्ग: भौतिक मानवशास्त्र
वर्ग: वंशवाद