शंभर शब्दांचा हिशेब

‘मोंटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींनी १९७१ साली काढलेल्या एका पुस्तकात ‘ड्रॅबल’ नावाचा खेळ होता. सगळ्यांनी कादंबरी लिहायला बसायचं, जो आधी संपवेल तो जिंकला. ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या विज्ञानकथावेड्यांनी तो खरोखर खेळायचं ठरवलं, पण कादंबरी कुठे संपतेय! म्हणून मर्यादा घातली: बरोबर १०० शब्द. १९८८ मध्ये अशा कथांचं पुस्तकही निघालं. आपण मोबाईलवर वाचतो त्या शतशब्दकथेची, म्हणजे ‘शशक’ची, मर्यादा तीच आहे.

पण इतक्या छोट्या जागेत कथेला वळण कसं द्यायचं, हे त्याआधी आपल्याच भागात राहून गेलेल्या एका माणसाने दाखवलं होतं. सआदत हसन मंटो १९४८ च्या सुरुवातीला मुंबई सोडून लाहोरला गेला. त्याच सुमारास उलट दिशेने आलेले सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरत होते, पुढे तिथेच उल्हासनगर झालं. मंटोचं ‘सियाह हाशिये’ त्याच वर्षी आलं. फाळणीच्या दंगलींवरच्या त्यातल्या काही कथा दोन-तीन ओळींतच संपतात.

त्यातली ‘मिस्टेक’ बघा. सुरा पोट चिरत खाली येतो, पायजम्याची नाडी तुटते आणि मारणाऱ्याच्या तोंडून चूक झाल्याचा उद्गार निघतो. बस. त्याला काय दिसलं, हे मंटो सांगत नाही. मेलेला आपल्याच धर्माचा निघाला, हे वाचकाला स्वतः ओळखावं लागतं. वर हळहळ आहे ती खून झाल्याची नाही, माणूस चुकल्याची! पायजम्याची नाडी आधी निव्वळ तपशील वाटते, शेवटच्या शब्दानंतर सगळी कथा तिच्यावर उभी राहते. वळणाचं सामान वाचकाच्या डोळ्यांसमोरून आधीच गेलेलं असतं. शेवटच्या ओळीत एकदम जुळा भाऊ आणला किंवा ‘तेवढ्यात जाग आली’ म्हटलं की वाचक चिडतो तो यामुळेच.

आता हे मराठीत करू. मर्यादा आणखी कडक, फक्त ३० शब्द. शीर्षक सहसा मोजत नाहीत, म्हणून ते फुकट: ‘जागा’.

डोंबिवली लोकलमध्ये तिने शेजारच्या सीटवर पर्स ठेवली.
“ठाण्याला मैत्रीण चढते.”
ठाणं आलं. बायका भांडल्या. पर्स हलली नाही.
रोज असंच.
आज ठाण्याआधीच तिने पर्स मांडीवर घेतली.
“आणि मैत्रीण?”
“काल तेरावा झाला.”

यात सगळा भार ‘चढते’वर आहे. तिथे ‘चढायची’ लिहिलं असतं तर दुसऱ्याच ओळीत गुपित फुटलं असतं. पण तेच ‘चढते’ निवेदकाच्या तोंडी टाकलं असतं तर ती वाचकाची फसवणूक झाली असती. म्हणून वाक्य तिच्या तोंडी आहे. पात्राला खोटं बोलायची मुभा आहे, निवेदकाला नाही. शिवाय ‘पर्स हलली नाही’ म्हणजे ठाण्याला कुणी चढलंच नाही, हा पुरावा आधीच मांडलेला आहे. पहिल्या वाचनात ती हट्टी वाटते, दुसऱ्यांदा वाचताना नाही वाटत.

पहिल्या मसुद्यात शेवटी ‘तिचे डोळे भरून आले’ होतं. ते चार शब्द काढले, कारण तेराव्यानंतर ते सांगायला नको. ‘पर्स मांडीवर घेतली’ मात्र हलवता येत नाही. आधी ती कृती करते आणि मग कारण कळतं. हा क्रम उलटा केला की उरते फक्त निधनाची बातमी.

मराठीत मर्यादा तशी सैल पडते. ‘शेजारच्या सीटवर’ हे दोन शब्द इंग्रजीत सांगायला पाच-सहा लागतात, कारण आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. त्यामुळे आपल्या शंभरात इंग्रजीपेक्षा जास्त मजकूर मावतो. मोजणारा प्रोग्राम मात्र बहुतेक वेळा फक्त मोकळ्या जागा बघतो:

```js
katha.trim().split(/\s+/).length
```

याला ‘तिच्यासाठी’ एक शब्द दिसतो, चुकून ‘तिच्या साठी’ टाईप झालं की दोन. दोन्ही बाजूंना जागा सोडलेली नुसती आडवी रेघसुद्धा तो शब्द म्हणून मोजतो. संवाद अशा रेघांनी लिहिले तर ९६ शब्दांची कथा शंभर भरते, आणि हाताने मोजणारा परीक्षक ती बाद करतो. स्पर्धेला पाठवण्याआधी मी एकदा बोटांवर मोजतो, आणि त्या मोजणीत हमखास एखादा ‘खूप’ किंवा ‘अचानक’ सापडतो. ‘अचानक’ तर बहुतेक वळणाच्या बरोबर आधीच बसलेला असतो.