कुमार फुटबॉलपटूंचा शरीरभार-सराव व कोन-कवायत (रत्नागिरी)

व्यायामशाळेतील साधनांशिवाय, स्वतःच्या शरीराचे वजन आणि काही कोन एवढ्यावरच केला जाणारा बल व चपळतेचा सराव. फुटबॉलमध्ये पळण्याइतकेच थांबणे महत्त्वाचे असते. गुडघ्याच्या बऱ्याच गंभीर दुखापती धक्का न लागता, वेगात थांबताना, वळताना किंवा उडीनंतर जमिनीवर येताना होतात. म्हणून या सरावात शरीराला आधी थांबायला शिकवतात, वेग त्यानंतर वाढवतात.

आधार : ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम १४ वर्षांपुढील खेळाडूंसाठी आहे. त्यासाठी समोरासमोर मांडलेल्या कोनांच्या सहा जोड्या आणि एक चेंडू पुरतो. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवरील अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कार्यक्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळल्या.

जागा : रत्नागिरीत भाट्ये किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू वळणांच्या सरावाला चालते. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो. तिथे दम वाढतो, पण मैदानावर लागणारी झटपट पावले साधत नाहीत आणि घोटा मुरगळू शकतो. किनारा पाण्याकडे उतरता असल्याने दोन्ही दिशांनी सारख्याच फेऱ्या घ्याव्यात, नाहीतर एकाच पायावर ताण येतो. सड्यावरचा जांभा खडबडीत व कडक असल्याने तिथे उड्या टाळाव्यात. कोन नसतील तर नारळाची सोडणे किंवा वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या चालतात. दगड वा विटा मात्र मांडू नयेत.

एका सत्राचा नमुना : पंधरा वर्षांच्या खेळाडूला आठवड्यातून दोन सत्रे पुरतात. आठ मिनिटे हलके धावून अंग मोकळे केल्यावर, पाय ताजे असतानाच कोन-कवायत घ्यावी. तीन कोन एका रेषेत पाच-पाच मीटरवर मांडतात. मधल्या कोनापासून उजवीकडे पाच मीटर, तिथून वळून डावीकडे दहा आणि पुन्हा वळून मध्यापर्यंत पाच, अशी वीस मीटरची एक फेरी होते. पुढच्या फेरीची सुरुवात डावीकडून करावी. चार ते सहा फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर दीड मिनिट विश्रांती घ्यावी. मोबाइलवर वेळ मोजावी. पहिल्या फेरीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागू लागला की कवायत थांबवावी, कारण त्यापुढे वळण बिघडते.

कोनाजवळ येताना शेवटची दोन-तीन पावले आखूड पडावीत आणि कंबर खाली यावी. ज्या पायावर वळायचे त्याचा गुडघा पावलाच्या रेषेत राहावा. तो आत झुकतो का, हे समोरून, गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल धरून केलेल्या चित्रणात स्पष्ट दिसते. झुकत असेल तर अर्ध्या वेगाने सराव करावा. वळण सुधारले की जोडीदाराने ऐन वेळी हाताने दिशा दाखवावी. पाहून निर्णय घेण्याची ही सवय लागल्यावरच चपळता सामन्यात उतरते.

त्यानंतर बलाचे व्यायाम : प्लँक २० ते ३० सेकंद तीन वेळा, टाचा जमिनीला टेकवून बैठका ३० सेकंद दोन वेळा आणि उडी मारून आवाज न करता जमिनीवर येणे. शेवटी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग घ्यावा. यात गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ ठेवून, जमेल तितके हळू पुढे झुकायचे. तोल सुटला की हात टेकावेत. सुरुवातीला तीन ते पाच आवर्तने पुरतात. मांडीचा मागचा स्नायू पुढे एक-दोन दिवस ठणकतो, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम करू नये.

प्रगती : बैठका सोप्या वाटू लागल्या की नुसती संख्या वाढवून बल फारसे वाढत नाही. तीन सेकंद घेत खाली जावे आणि पुढे एका पायावर यावे.

पावसाळा : जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या फरशीवर आणि चिखलात वळणे बंद ठेवावीत. पडवीत किंवा शाळेच्या कोरड्या व्हरांड्यात बलाचे व्यायाम चालू राहू शकतात.

मर्यादा : उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखू शकते. तिथे स्नायुबंध हाडाच्या वाढत्या भागाला ओढत असतो. दर महिन्याला भिंतीशी उंची मोजली तर हा काळ लक्षात येतो, आणि तेव्हा उड्या व वळणे कमी करावीत. लंगडत चालणे, गुडघ्याला सूज किंवा रात्री दुखणे असल्यास सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.