मोडी पत्र वाचताना नाव आणि साल

आपल्या गावोगावी पेटीत, माळ्यावर जुने मोडी कागद अजून निघतात. मानपानाचे, जमिनीचे, देवळाच्या दिवाबत्तीचे. ते बाळबोधीत उतरवताना दोन ठिकाणी फसगत फार होते, एक नाव आणि दुसरं साल.

मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढायचा आणि तिच्याखाली अक्षरं लावत जायचा. शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आता समजा ‘तुकोजीबिनरामजीपाटील’ असं सलग लिहिलंय. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा. म्हणजे रामजीचा मुलगा तुकोजी. घाईत वाचणारा ‘बिन’ गाळतो आणि बाप-लेक मिळून एकच माणूस करतो. मग मान कोणत्या घराचा, यावरून भांडण लागतं. म्हणून आधी अक्षर न् अक्षर आहे तसं सलग उतरवून घ्यावं, शब्द मागाहून तोडावेत. तेच नाव त्याच कागदात दुसरीकडे आलं असेल तर दोन्ही शेजारी ठेवून पाहावं.

सालाचं कोडं याहून मोठं. जुन्या पत्रांत अरबी साल आकड्यात नाही, शब्दांत असतं, आणि ते एककापासून उलटं चालतं. पानिपतच्या साली ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं लिहीत. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हे साल मृग निघाला की बदलतं, आपल्या पेरणीसारखंच. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई जानेवारीतली, म्हणून ११६१ आणि ६०० मिळून १७६१.

आता गंमत बघा, माउली. ‘सितैन’ म्हणजे साठ आणि ‘तिसैन’ म्हणजे नव्वद. अक्षरं तीच, स आणि त यांची नुसती अदलाबदल. डोळा चुकला की ११६१ चे ११९१ होतात आणि पत्र तीस वर्षं पुढं जातं.

ही चूक धरायची कशी? पत्रात शक आणि संवत्सर दिलं असेल तर ताडून पाहावं. शके १६८२ चं संवत्सर विक्रम. तीस वर्षांनी, शके १७१२ ला, साधारण संवत्सर येतं. दोन्ही जुळत नसतील तर वाचन पुन्हा करावं. संवत्सर नसेल तर माणसं पाहावीत. पत्र सदाशिवरावभाऊंच्या नावचं असेल आणि साल १७९१ निघत असेल, तर ते वाचन खोटं. भाऊ १७६१ लाच पानिपतात पडले.

तरीही जे अक्षर लागत नाही तिथं जागा मोकळी सोडावी. अंदाजानं भरलेलं नाव पुढची पिढी खरं धरून चालते.