बाजाराच्या दिवशी झालेली शिक्षा

"वटपौर्णिमा होऊन गेली होती, गंगेवर बाजार भरला होता, आणि बाबारावांना काळं पाणी झाल्याचं कळलं." आजी गणेश दामोदर सावरकरांची गोष्ट नेहमी इथूनच सुरू करायची. तिनं ती तिच्या सासूबाईंकडून ऐकलेली. त्या १९०९ साली नाशकात नव्या सुनबाई होत्या. भाजी अर्धीच घेऊन त्या परतल्या आणि त्या दिवशी घरात चूल उशिरा पेटली, एवढंच त्या सांगत. तारीख त्यांनी कधी सांगितली नाही.

काका मात्र तारखेशिवाय बोलत नसत. "जॅक्सनला मारलं म्हणून बाबांना जन्मठेप झाली," असं ते ठासून सांगायचे. जॅक्सनचा आणि या शिक्षेचा संबंध होता हे खरं, पण तो उलटा. बाबारावांना शिक्षा झाली १९०९ च्या जूनमध्ये आणि कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या त्याच वर्षी २१ डिसेंबरला. त्या गोळ्यांमागे बाबारावांच्या शिक्षेचा राग होता. काकांनी कारण बरोबर धरलं होतं, पण ते भलत्या टोकाला बांधलं होतं.

मी पुस्तकं उघडली तेव्हा कोडं सुटण्याऐवजी वाढलं. चरित्रांत अटक २८ फेब्रुवारीची आणि शिक्षा ८ जूनची. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालात मात्र अटक २ मार्चची आणि शिक्षा ९ जूनची. खटला एकच, तो 'लघु अभिनव भारत मेळा' या नावाखाली छापलेल्या कवितांवरचा, आणि दोन्ही ठिकाणी तारखा वेगळ्या!

शेजारच्या अण्णांना हे सांगितलं, तर त्यांनी आपल्या वडिलांचा जमिनीचा दावा काढला. "आमचा निकाल एका दिवशी, नक्कल मिळाली सहा आठवड्यांनी, आणि थोरला भाऊ अजून नकलेवरची तारीखच निकालाची म्हणून सांगतो." मी विचारलं होतं एक, ते बोलले भलतंच, पण त्यांनीच मला वाट दाखवली. कागदावरची तारीख कशाची आहे, हे मी आधी विचारलंच नव्हतं.

हायकोर्टाच्या निकालाचंच बघा. न्यायमूर्ती चंदावरकर आणि हीटन यांनी अपील फेटाळलं ते ८ नोव्हेंबर १९०९ ला, पण निकाल छापला गेला १९१० च्या खंडांत. नुसता हवाला उतरवून घेणारा शिक्षा एक वर्ष पुढं ढकलून बसतो. शिवाय तीही अपिलाची तारीख, शिक्षेची नव्हे. त्या काळच्या फौजदारी संहितेप्रमाणे सेशन्स जज्ज निकाल उघड्या कोर्टात वाचताना त्याच वेळी त्यावर सही आणि तारीख घालत असे. म्हणून ८ की ९ हे ठरवायला तो सही केलेला निकालच हवा. वर्तमानपत्र नको आणि नऊ वर्षांनी लिहिलेला अहवालही नको.

अटकेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. २८ फेब्रुवारीला रविवार होता. पकडलेल्या माणसाला पोलिसांनी चोवीस तासांपेक्षा जास्त आपल्याजवळ ठेवायचं नाही, मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं, असा नियम होता. म्हणजे रविवारी धरलं असेल, तर सोमवार १ मार्चला रिमांडचा काही कागद झाला असला पाहिजे. मग मंगळवार २ मार्च आली कुठून? राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कलमाखाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागायची. त्यामुळे धरलं एका दिवशी आणि ते कलम लागलं दुसऱ्या दिवशी, असं होणं शक्य आहे. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पुरावा असतो तो वॉरंटाच्या पाठीवर, जिथं बजावणाऱ्या फौजदाराचा शेरा आणि वेळ असते; आणि रिमांडच्या अर्जात, जिथं आरोपी कधीपासून ताब्यात आहे ते लिहिलेलं असतं. गुप्त पोलिसांच्या साप्ताहिक टिपणांवर मी एवढा विश्वास ठेवत नाही, कारण तिथं बातमी आल्याची तारीख घटनेची म्हणून सहज खपते.

मग मी आजीकडे परत वळलो. त्या वर्षी ज्येष्ठातली पौर्णिमा ३ जूनच्या सुमारास येते. नाशकाचा बाजार बुधवारचा. वटपौर्णिमेनंतरचा पहिला बुधवार मांडला आणि अंगावर काटा आला: ९ जून. सासूबाईंना तारीख ठाऊक नव्हती, पण भाजीच्या टोपलीनं ती जपून ठेवली होती.

काकांना ही गोष्ट सांगितली तर ते खूश झाले. "म्हणजे अहवाल बरोबर!" असं म्हणून त्यांनी वहीत ९ जून पक्की करायला पेन काढलं. मी त्यांचा हात धरला. निकाल मंगळवारी लागला आणि बाई बाजाराला गेली तेव्हा बुधवारी तिला कळलं, असंही झालं असेल. ती ऐकलेलं सांगत होती, कोर्टात बसलेली नव्हती.

आजीला मी शेवटी विचारलं होतं, "सासूबाईंनी कुणाकडून ऐकलं गं?"

"बाजारात, रे. सगळे तेच बोलत होते. पण कुजबुजत."

काकांच्या वहीत मी पेन्सिलीनं दोन्ही तारखा लिहिल्या. ८ जूनपुढं 'सही केलेला निकाल पाहणे', आणि ९ जूनपुढं 'बुधवार, गंगेवर'.